उशीर, रिफंड आणि कमी स्टार: ऑर्डरच्या डेटात त्यांची सांगड कशी घालायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळीच्या ऑर्डरी कशा तुंबतात हे ज्यांनी काउंटरच्या आतून पाहिलंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. मी कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एका किचनच्या ऑर्डरींचा हिशेब बघतो. सोमवारी सकाळी मालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "काल उशिरामुळे किती रिफंड गेले?" ऐकायला साधा प्रश्न आहे, पण याचं चुकीचं उत्तर काढायला पाच मिनिटं पुरतात आणि बरोबर उत्तराला अर्धा दिवस लागतो. ओळखीतल्या किचनवाल्यांनी आणि त्यांच्या हिशेबनिसांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून बसवलेले नमुन्याचे आहेत, कुठल्याही एका दुकानाचे नाहीत.

नेमकं कशाला काय जोडायचं?

बहुतेकांकडे तीन याद्या असतात. ऑर्डरींची एक, रिफंडच्या मागण्यांची दुसरी आणि रेटिंगची तिसरी. तिन्हींत समान असतो तो ऑर्डर नंबर, त्यावरूनच जोडणी करायची. ग्राहकाच्या मोबाइल नंबरावर किंवा तारखेवर जोडायच्या फंदात पडू नका. एकच घर सकाळी मिसळ आणि रात्री थाळी मागवतं. मग रात्रीच्या थाळीची तक्रार सकाळच्या मिसळीच्या नावावर चढते.

आणखी एक, रिफंडची *मागणी* आणि दिलेला *रिफंड* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही नाकारलेली मागणीसुद्धा ग्राहकाची नाराजीच असते. त्यामुळे मोजायची ती मागणी. फक्त दिलेल्या पैशांवरून हिशेब केलात, तर तक्रारी ऐकणारा माणूस त्या दिवशी किती कडक होता, तेवढंच कळेल.

उशीर कुठून मोजायचा? ऑर्डर आल्यापासून?

नाही. ग्राहकाला जी वेळ कबूल केली होती, तिथून मोजायचा. कॅनडा कॉर्नरहून कॉलेज रोडला पंचवीस मिनिटांत पोहोचायला हवं, नाशिकरोडला पंचावन्न मिनिटं लागली तरी कोणी काही म्हणत नाही. ऑर्डर आल्यापासूनचा वेळ धरलात, तर नाशिकरोडचा प्रत्येक ग्राहक उशिरात मोडेल आणि कॉलेज रोडवर वीस मिनिटं ताटकळलेला माणूस वेळेवरच्या खात्यात जाईल.

यातही एक मेख आहे. बऱ्याच सिस्टिममध्ये रायडर अडकला की अपेक्षित वेळ पुढे सरकते आणि जुन्या वेळेवर नवी लिहिली जाते. नऊ दहाचं नऊ तीस, मग नऊ पंचेचाळीस. पार्सल नऊ चव्वेचाळीसला पोहोचलं की कागदावर ते एक मिनिट आधीच आलेलं दिसतं. ग्राहकाच्या डोक्यात मात्र नऊ दहाच असतात. म्हणून सिस्टिम पुरवणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, ऑर्डर नोंदवताना दाखवलेली *पहिली* वेळ वेगळी साठवली जाते का? जात नसेल तर ती आजपासून साठवायला लावा. मागच्या महिन्यांचा उशीर अशा डेटातून परत काढता येत नाही.

'डिलिव्हर्ड'ची वेळ खरी असते का?

ती वेळ रायडरने बटण दाबल्याची असते, पार्सल हातात पडल्याची नव्हे. पाथर्डी फाट्याकडच्या किंवा गंगापूर रोडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये गेटवर नोंद करायची, वॉचमनने वर फोन लावायचा, लिफ्टची वाट बघायची, यात पाच-सात मिनिटं सहज जातात. काही रायडर गेटवरच बटण दाबतात. काही जण उलटं करतात, तीन पार्सलं पोहोचवून झाली की चहाच्या टपरीवर उभे राहून तिन्हींची बटणं एकदम दाबतात.

हे डेटात ओळखता येतं. एकाच रायडरच्या दोन ऑर्डरी एकाच मिनिटाला डिलिव्हर्ड दिसत असतील, एक सातपूरची आणि एक इंदिरानगरची, तर त्यातली निदान एक वेळ खोटी आहे. दुसरी खूण म्हणजे 'ऑर्डर मिळाली नाही' अशी तक्रार डिलिव्हर्डच्या वेळेनंतर दोन-तीन मिनिटांतच आलेली असते. अशा ओळी उडवू नका. वेगळी खूण करून ठेवा आणि हिशेब दोनदा करा, एकदा त्यांना धरून आणि एकदा वगळून. उत्तर फारसं हललं नाही तर पुढे चला. हललं, तर आधी रायडरांशी बोला. पार्सल देताना ग्राहकाकडून ओटीपी घ्यायची पद्धत असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

माझ्याकडे सगळ्याच ऑर्डरी साडेपाच तास आधी पोहोचलेल्या दिसतात!

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की उत्तर पाठ झालंय. एक वेळ भारतीय वेळेत साठवली आहे आणि दुसरी युटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. दोन्हींत साडेपाच तासांचा, म्हणजे ३३० मिनिटांचा फरक आहे. उशिराच्या मिनिटांचा साधा आलेख काढला की उणे ३३० च्या आसपास ढीग दिसतो. सगळ्याच ओळी तशा असतील तर सोपं आहे, ३३० मिनिटं मिळवा आणि मोकळे व्हा. दोन ढीग दिसले, एक शून्याजवळ आणि एक उणे ३३० जवळ, तर ऑर्डरी दोन ठिकाणांहून येत आहेत. बहुधा स्वतःच्या वेबसाइटवरच्या एका प्रकारे नोंदल्या जातात आणि बाहेरच्या ॲपवरच्या दुसऱ्या. अशा वेळी सगळ्यांना सरसकट ३३० मिळवलेत, तर चांगल्या ओळींचा विचका होईल.

जोडल्यावर ऑर्डरींची संख्या वाढली. असं कसं?

कारण एकाच ऑर्डरीवर रिफंडच्या दोन नोंदी असू शकतात. आधी पावाचे पैसे मागितले, तासाभराने पूर्ण ऑर्डरीचे. सरळ जोडणी केली की ती ऑर्डर यादीत दोनदा येते. गंमत अशी की दोन-दोन मागण्या बहुतेक वैतागलेल्या ग्राहकांच्याच असतात, म्हणजे नेमक्या उशिराच्या ऑर्डरी फुगतात आणि उशिराचं पाप आहे त्याहून मोठं दिसायला लागतं.

उपाय असा की रिफंडची यादी आधी ऑर्डरीमागे एका ओळीवर आणायची आणि मगच जोडायची:

```sql
WITH r AS (
  SELECT order_id,
         MIN(requested_at) AS first_req,
         COUNT(*) AS req_count
  FROM refunds
  GROUP BY order_id
)
SELECT o.order_id, o.first_promised_at, o.delivered_at,
       o.item_count, r.first_req, r.req_count, g.stars
FROM orders o
LEFT JOIN r ON r.order_id = o.order_id
LEFT JOIN ratings g ON g.order_id = o.order_id;
```

इथे `LEFT JOIN` मुद्दाम आहे. नुसतं `JOIN` लिहिलंत तर ज्यांनी रिफंड मागितला नाही असे सगळे गळून पडतील आणि तुलनेला कोणी उरणारच नाही. रेटिंग बदलायची मुभा असेल तर रेटिंगच्या यादीतही एका ऑर्डरीच्या दोन ओळी असू शकतात. तीही आधी तशीच आवळून घ्या, शेवटचं रेटिंग ठेवा. जोडणीआधी १,००० ऑर्डरी होत्या तर जोडणीनंतरही १,०००च हव्यात. एक जास्त नको, एक कमी नको. हा आकडा जुळेपर्यंत पुढची आकडेमोड सुरूच करू नका.

आमच्याकडे सगळं एक्सेलमध्येच आहे. चालेल?

हजार-दोन हजार ऑर्डरींना आरामात चालतं. ऑर्डरींच्या शीटमध्ये पहिली कबूल केलेली वेळ `C` मध्ये आणि पोहोचल्याची वेळ `D` मध्ये असेल, तर उशिराची मिनिटं आणि रिफंडच्या मागण्या अशा काढता येतात:

```
=IF(D2="","",(D2-C2)*1440)
=COUNTIFS(refunds!A:A, A2)
```

`VLOOKUP` पेक्षा `COUNTIFS` बरं, कारण `VLOOKUP` पहिली सापडलेली ओळ दाखवून थांबतं. ऑर्डर नंबर मात्र नीट बघा. एक्सेल आकड्यांतले पहिले पंधरा अंकच जपतं. सतरा-अठरा अंकी ऑर्डर नंबर आकडा म्हणून उघडला की शेवटचे अंक शून्य होतात आणि वेगवेगळ्या ऑर्डरी एकाच नंबराच्या दिसायला लागतात. फाइल आयात करतानाच तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. आणि टेक्स्ट म्हणून घेतलात तर अशा लांब नंबरांवर `COUNTIFS` वर डोळे झाकून विसंबू नका, ते टेक्स्टमधल्या आकड्यांनाही आकडा समजून जुळवू पाहतं. नंबरापुढे एखादं अक्षर जोडून दोन्ही शीटमध्ये तेच वापरलं की प्रश्न मिटतो.

जोडून झालं. आता बघायचं काय?

उशिराचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यात किती जणांनी रिफंड मागितला ते मोजा. आपल्या नमुन्याच्या १,००० ऑर्डरी अशा पडतात:

| उशीर | ऑर्डरी | रिफंडची मागणी | टक्के |
|---|---|---|---|
| वेळेवर किंवा आधी | ६२० | १९ | ३.१ |
| १ ते १० मिनिटं | २०० | ७ | ३.५ |
| ११ ते २० मिनिटं | ११० | ८ | ७.३ |
| २० मिनिटांहून जास्त | ७० | १४ | २०.० |

पहिल्या दोन ओळींत जवळजवळ फरक नाही. दहा मिनिटांपर्यंतचा उशीर लोक पोटात घालतात, त्यानंतर मात्र आकडा चढायला लागतो. नुसतं 'वेळेवर' आणि 'उशिरा' असे दोनच कप्पे केले असते, तर हा उंबरठा दिसलाच नसता. शिवाय त्या निरुपद्रवी दोनशे ऑर्डरींनी उशिराची टक्केवारी पातळ केली असती. तुमचा उंबरठा वेगळा असू शकतो. केकच्या दुकानाला बाराच्या ठोक्याला केक हवा असतो, तिथे दहा मिनिटंही महाग पडतात.

इथून पुढे या पानावर 'उशिरा' म्हणजे दहा मिनिटांहून जास्त उशीर. अशा ऑर्डरी १८०, त्यांवर मागण्या २२. उरलेल्या ८२० वर २६.

रेटिंगचंही असंच करायचं ना?

करायचं, पण रेटिंगमध्ये रिकामे रकाने फार असतात. बहुतेक लोक स्टार देतच नाहीत. एका हिशेबनिसाने रिकाम्या जागी शून्य भरलं होतं आणि त्याचं किचन रातोरात नाशिकमधलं सर्वात वाईट ठरलं. रिकामं म्हणजे शून्य स्टार नव्हे. रिकामं म्हणजे ग्राहक काही बोलला नाही, एवढंच.

कोण बोलतं तेही उशिरावर अवलंबून असतं. आपल्या नमुन्यात वेळेवर पोहोचलेल्या ६२० पैकी १५५ जणांनी स्टार दिले, म्हणजे चौथा हिस्सा. वीस मिनिटांहून जास्त उशीर झालेल्या ७० पैकी ३५ जणांनी दिले, म्हणजे निम्मे. वैतागलेला माणूस ॲप उघडतो, पोट भरलेला झोपतो. आता एक किंवा दोन स्टार देणारे बघा. वेळेवरच्यांत ते ११ आहेत, वीस मिनिटांहून जास्त उशिराच्यांत २१. रेटिंग देणाऱ्यांच्या मानाने हे ७ टक्के विरुद्ध ६० टक्के, म्हणजे साधारण साडेआठ पट. सगळ्या ऑर्डरींच्या मानाने १.८ टक्के विरुद्ध ३० टक्के, म्हणजे जवळजवळ सतरा पट.

यातलं खरं कुठलं? दोन्ही खरे आहेत, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिलं सांगतं की बोलणाऱ्यांचं मत किती बिघडलं. दुसऱ्यात मत बिघडणं आणि बोलायची खुमखुमी वाढणं, दोन्ही मिसळलेलं आहे. ॲपवर दिसणारी सरासरी खाली येते ती या दोन्हींमुळे, म्हणून किचनच्या अंगाने बघितलं तर दुसराही आकडा कामाचा आहे. फक्त कुठल्या आकड्याला कशाने भागलं हे शीर्षकातच लिहा. आणि सरासरी स्टारांचा आलेख काढू नका. पाच आणि एक यांची सरासरी तीन येते, पण तीन स्टार देणारा ग्राहक तिथे कोणी नसतोच.

उशिराच्या ऑर्डरींवर २२ रिफंड मागितले गेले. म्हणजे उशिरामुळे २२, बरोबर?

इथेच सगळे घसरतात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

पहिली गोष्ट, वेळेवर पोहोचलेल्या ऑर्डरींवरही रिफंड मागितला जातोच. रस्सा सांडला, पाव शिळा निघाला, कांदा आलाच नाही. उशीर न झालेल्या ८२० ऑर्डरींवर २६ मागण्या आहेत, म्हणजे ३.२ टक्के. त्या १८० ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या असत्या तरी याच दराने पाच-सहा मागण्या आल्याच असत्या. २२ मधून त्या वजा केल्या की उरतात साधारण १६.

पण १६ हाही आकडा फुगलेलाच आहे. वाढदिवसाची किंवा ऑफिसची मोठी ऑर्डर आठवा. बारा मिसळी, सहा ताक, चार जिलेबी. ती बांधायलाच वेळ जातो, म्हणून ती उशिरा निघते. आणि वस्तू जास्त असल्यामुळे एखादी राहून जायची शक्यताही जास्त, म्हणून रिफंडही जास्त. म्हणजे मोठी ऑर्डर उशीरही आणते आणि रिफंडही आणते. ती दोघांच्या मागे उभी असल्यामुळे उशीर आणि रिफंड एकमेकांना चिकटलेले दिसतात.

हे सोडवायचं कसं? मोठ्यांची तुलना मोठ्यांशी आणि लहानांची लहानांशी करायची. पाच किंवा जास्त वस्तूंची ऑर्डर मोठी धरू. मोठ्या ऑर्डरी २०० आहेत. त्यातल्या १२० ना उशीर झाला नाही, त्यांवर मागण्या १२, म्हणजे १० टक्के. ८० ना उशीर झाला, त्यांवर १४, म्हणजे साडेसतरा टक्के. लहान ऑर्डरी ८००. उशीर न झालेल्या ७००, मागण्या १४, म्हणजे २ टक्के. उशीर झालेल्या १००, मागण्या ८, म्हणजे ८ टक्के. बेरजा करून बघा, २२ आणि २६ जुळतात.

आता प्रश्न असा विचारायचा, उशीर झालेल्या याच १८० ऑर्डरी वेळेवर गेल्या असत्या तर किती मागण्या आल्या असत्या? मोठ्या ८० वर १० टक्क्यांनी ८. लहान १०० वर २ टक्क्यांनी २. एकूण १०. प्रत्यक्षात आल्या २२. म्हणजे उशिराच्या माथी मारता येतील अशा मागण्या १२.

बावीस, सोळा, बारा. डेटा तोच आणि ऑर्डरीही त्याच. उरलेल्या दहा मागण्या रायडर विमानाने गेला असता तरी आल्या असत्या, कारण त्यांचं मूळ पॅकिंगच्या टेबलावर आहे.

आकारमानाशिवाय आणखी काय बघावं?

परिसर आणि वेळ. रविवारी सकाळी नऊ ते अकरा किचनही तुंबलेलं असतं आणि पॅकिंगही घाईत होतं, तेव्हा त्या दोन तासांची तुलना त्याच दोन तासांशी करा. संध्याकाळी द्वारका चौकातून नाशिकरोडला जाणारी ऑर्डर आणि दुपारी तीनला महात्मानगरला जाणारी ऑर्डर एका तराजूत घालू नका. मात्र कप्पे पाडत सुटलात तर प्रत्येकात चार-पाचच ऑर्डरी उरतात आणि टक्केवारी उड्या मारायला लागते. आकार, परिसर आणि गर्दीची वेळ, एवढे तीन पुरतात असा माझा अनुभव आहे. त्यापुढे जायचं असेल तर लॉजिस्टिक रिग्रेशन करणारा माणूस गाठा.

उशिरामुळे चूक होते, की चुकीमुळे उशीर?

कधी कधी दुसरंच खरं असतं आणि ते डेटात दिसत नाही. आमच्याकडचीच एक ऑर्डर सांगतो. चार मिसळ, पत्ता नाशिकरोड. रायडर मुंबई नाक्याला पोहोचला तेव्हा काउंटरवरच्या मावशींना रश्श्याचे दोन डबे ओट्यावरच दिसले. फोन गेला, रायडर मागे फिरला, डबे घेऊन पुन्हा निघाला. ऑर्डर अठ्ठावीस मिनिटं उशिरा पोहोचली, रस्सा कोमट झालेला, ग्राहकाने पैसे मागितले. आमच्या शीटमध्ये कारण पडलं 'उशीर'. मूळ चूक पॅकिंगची होती आणि उशीर तिच्यातूनच झाला होता. रायडर बिचारा दोनदा पळाला आणि वर बोलणीही खाल्ली.

अशा ऑर्डरी शोधायला एक युक्ती आहे. पार्सल रायडरकडे दिल्याची वेळ दोनदा नोंदली गेली आहे का ते बघा. तशी सोय नसेल तर रायडर निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा वेळ काढा आणि त्याच परिसराच्या इतर ऑर्डरींशी ताडून बघा. दुप्पट वेळ लागलेल्या ऑर्डरी काढून त्यांच्या तक्रारींचा मजकूर डोळ्यांनी वाचा. वीस-तीसच असतात, चहा संपेपर्यंत वाचून होतात. 'रस्सा नव्हता', 'पाव कमी' असं लिहिलेलं सापडलं तर त्या उशिराच्या खात्यातून काढून पॅकिंगच्या खात्यात टाका. मग वरचे बारा आणखी खाली येतील. ग्राहक कारणांच्या यादीतलं पहिलं दिसेल ते निवडतो, म्हणून कारणाच्या कॉलमवर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

रद्द झालेल्या ऑर्डरींचं काय करायचं?

त्यांचा `delivered_at` रिकामा असतो, त्यामुळे उशीर काढायच्या सूत्रातून त्या गुपचूप गळतात. पण तासभर वाट बघून वैतागून रद्द केलेली ऑर्डर हा सगळ्यात वाईट उशीर आहे. तीच वगळली तर किचन आहे त्याहून शहाणं दिसतं. कबूल केलेली वेळ उलटून गेल्यावर रद्द झालेल्या ऑर्डरींचा वेगळा कप्पा करा आणि तो तक्त्याखाली वेगळ्या ओळीत दाखवा. कबूल वेळेआधी रद्द झालेल्या सोडून द्या. त्यात बहुतेक पत्ता चुकलेले किंवा मन बदललेले असतात.

आमच्याकडे अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला की पैसे आपोआप परत जातात.

मग अर्ध्या तासापुढच्या ऑर्डरींचं रिफंडशी नातं तुम्हीच नियमाने जोडलेलं आहे. त्यातून ग्राहकाबद्दल काही कळत नाही. त्या ऑर्डरींसाठी फक्त रेटिंग बघा, आणि रिफंडचा हिशेब ग्राहकाने स्वतः केलेल्या मागण्यांपुरताच ठेवा.

एका महिन्याच्या डेटावर विश्वास ठेवायचा का?

मोठ्या फरकावर ठेवा, बारीकसारीक फरकावर नको. ७० पैकी १४ म्हणजे २० टक्के, पण इतक्या कमी ऑर्डरींवर खरा दर साधारण १२ ते ३१ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. ११० पैकी ८ चा पल्ला साधारण पावणेचार ते पावणेचौदा. म्हणजे वीस मिनिटांपुढे आकडा चढतो हे छातीठोकपणे सांगता येतं, अकरा ते वीसच्या टप्प्याबद्दल जरा जपून बोलावं. आणखी दोन महिन्यांचा डेटा घाला, मग बोला.

ताज्या ऑर्डरीही वगळा. परवाच्या ऑर्डरीवरची मागणी आज संध्याकाळी येऊ शकते. मागणी करायची मुदत संपलेल्या ऑर्डरीच हिशेबात घ्या, नाहीतर चालू आठवडा नेहमीच मागच्यापेक्षा चांगला दिसतो आणि मालक उगाच पेढे वाटतात.

पुराचे आणि सणांचे दिवस?

वेगळे काढा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीला पाणी लागायला लागलं की पंचवटीच्या बाजूच्या ऑर्डरींचं वेळापत्रक कोलमडतं. रंगपंचमीला रहाडींच्या दिवशी जुन्या नाशकात दुचाकी घालायची सोय नसते. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी काय होईल ते आताच गृहीत धरा. हे दिवस नेहमीच्या दिवसांत मिसळले तर उशीर आणि रिफंड दोन्हींचे दर वेडेवाकडे होतात.

पण फेकून देऊ नका. रस्ताच बंद असल्यामुळे झालेल्या उशिराचा ऑर्डर किती मोठी होती किंवा पॅकिंग नीट होतं की नाही याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून त्या दिवशी उशीर झालेल्या लहान ऑर्डरींचा रिफंडचा दर नेहमीच्या उशिराच्या लहान ऑर्डरींच्या ८ टक्क्यांच्या आसपास आला, तर आपल्या बाराच्या हिशेबाला बळकटी मिळते. फारच कमी आला तर दोन शक्यता आहेत. एक तर पूर बघून लोक समजून घेतात, किंवा आपण उशिराला अजूनही जास्त दोष देतोय. तक्रारी वाचल्याशिवाय या दोन्हींतलं कुठलं हे कळत नाही.

मालकांना एकच आकडा हवा असतो. कुठला सांगू?

मी एक आकडा आणि त्याखाली एक ओळ देतो. या नमुन्यासाठी ती अशी असेल: "१,००० ऑर्डरींत रिफंडच्या ४८ मागण्या. त्यातल्या साधारण १२ दहा मिनिटांहून जास्त उशिरामुळे, ऑर्डरीचा आकार धरून. रद्द झालेल्या आणि पुराच्या दिवसांच्या ऑर्डरी यात नाहीत."

मालक लगेच विचारतात, "मग बाकीच्या ३६?" तेव्हा पॅकिंगच्या टेबलाकडे बोट दाखवायचं. आमच्याकडे आता मोठ्या ऑर्डरीच्या पिशवीवर वस्तूंची यादी चिकटवतात आणि रायडर निघण्याआधी मावशी रश्श्याचे डबे मोठ्याने मोजतात.